साडेसहाचा व्हिडिओ: ठाण्यात शनिवार, न्यू जर्सीत शुक्रवार

आमचं यूट्यूब चॅनल नाश्त्याच्या पदार्थांचं. व्हिडिओ रात्री साडेआठला टाकायचो. ठाण्यात जेवणं उरकून लोक फोन घेऊन बसलेले असायचे, पण न्यू जर्सीतल्या मावशीकडे तेव्हा सकाळचे अकरा, म्हणजे ऐन ऑफिसची वेळ.

उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणून शेड्यूल शनिवारी सकाळी साडेसहाला लावलं. तिकडे शुक्रवारचे रात्रीचे नऊ, आणि इकडे सुट्टीचा चहा व्हायच्या आत व्हिडिओ हजर. दुबईकर मात्र पहाटे पाचला झोपेतच. सगळ्यांची सोय होत नाही, हे धरूनच चालायचं.

आता शीर्षक. ‘आज शनिवार, करूया थालीपीठ’ हे मावशीला शुक्रवारी दिसणार. यूट्यूब स्टुडिओत मूळ भाषा मराठी ठेवून इंग्रजी अनुवाद जोडला, तरी तेवढ्याने भागत नाही. कोणतं शीर्षक दिसेल हे बहुतेक प्रेक्षकाच्या ॲपच्या भाषेवर ठरतं, गावावर नाही. घोडबंदर रोडवर इंग्रजी ॲप वापरणारे थोडे नाहीत! म्हणून वार, ‘आज’, ‘सकाळी’ हे शब्द दोन्ही शीर्षकांतून काढले: ‘सुट्टीच्या नाश्त्याला खमंग थालीपीठ’.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, आपली नाही. मग साडेसहा म्हणजे तिकडे रात्रीचे आठ. नऊच हवे असतील तर इकडे साडेसातचं शेड्यूल लावायचं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर पुन्हा साडेसहावर यायचं.