दिव्याचा फोटो पाठवला, पण खांब कुठला? पथदिव्याच्या तक्रारीत या चुका टाळा

काळाकुट्ट फोटो. वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुठल्या तरी दिव्याचा पांढरा फटकारा, खाली ओलसर डांबराचा तुकडा, कडेला उभ्या स्कूटरचा आरसा. सोबत एक ओळ: ‘आमच्या गल्लीतला लाइट बंद आहे, त्वरित दखल घ्यावी.’ महापालिकेच्या अॅपवर, वॉर्ड ऑफिसच्या व्हॉट्सअॅप नंबरावर आणि नगरसेवकांच्या ग्रुपवर अशा तक्रारी येतच असतात. यातल्या बऱ्याचशा ‘ठिकाण आढळले नाही’ असा शेरा घेऊन बंद होतात. मग तक्रारदार म्हणतो, पुरावा दिला होता की! पुरावा होता, पण पत्ता नव्हता.

तक्रार कुणाच्या हातात पडते ते आधी पाहू, म्हणजे पुढच्या चुका आपोआप कळतील. ती क्षेत्रीय कार्यालयाच्या विद्युत विभागात जाते, कनिष्ठ अभियंता ती कंत्राटदाराच्या माणसांकडे देतो आणि शिडीची गाडी घेऊन वायरमन निघतो. तो निघतो बहुधा दिवसा. दिवसा सगळेच दिवे बंद असतात. चालू खांबांमधला बंद खांब नुसत्या नजरेने ओळखायची सोयच नसते. फिडर पिलर, म्हणजे त्या भागातल्या दिव्यांना वीज पुरवणारी रस्त्याकडेची लोखंडी पेटी, उघडून दिवे लावून पाहता येतात. पण कुठला पिलर उघडायचा, हे कळायलाही गल्ली माहीत लागते. तुमचा फोटो रात्रीचा, तो माणूस उन्हात उभा. फोटोतलं काहीच त्याला समोर दिसत नाही.

पहिली चूक: फोटोतच लोकेशन असतं असं समजणं

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल, तर फोन फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, हे खरं. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती गळून पडते. स्क्रीनशॉटमध्ये ती मुळातच नसते. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला फोटो तुम्ही सेव्ह करून तक्रारीला जोडलात, तर फाइलमध्ये ठिकाणाचा मागमूसही नसतो. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि लोकेशनही टिकतं.

तरीही त्यावर विसंबू नका. तक्रारी वाटून देणारा माणूस फाइलची माहिती उघडून बघत बसत नाही. त्याच्यासमोर असतं छोटं चित्र आणि तुम्ही लिहिलेला मजकूर. ठिकाण मजकुरातच हवं.

दुसरी चूक: घरी येऊन पिन टाकणं

रात्री येता-जाता फोटो काढला, घरी जेवण वगैरे उरकलं आणि मग अॅप उघडून ‘सध्याचे ठिकाण’ दाबलं. आता पिन तुमच्या सोफ्यावर आहे. तक्रार करायची ती खांबाखाली उभं राहून करा. नाहीतर नकाशात तो खांब शोधा, त्या जागी बोट दाबून धरा आणि तिथली पिन वापरा. आकडे हातानं लिहीत असाल तर दशांश चिन्हानंतरचे निदान पाच अंक लिहा. तीनच लिहिले तर शंभरेक मीटरचा गोंधळ होऊ शकतो, म्हणजे गल्लीच बदलते.

पिन बरोबर टाकली तरी तिला मर्यादा आहेत. मोकळ्या आकाशाखाली फोनचं लोकेशन साधारण पाचेक मीटरपर्यंत अचूक येतं. उंच इमारतींच्या बोळात ते सहज वीस-तीस मीटर सरकतं. शहरातल्या रस्त्यावर दोन खांबांमधलं अंतर बरेचदा पंचवीस-तीस मीटरच असतं. त्यामुळे पिन तुम्हाला गल्लीत नेते, खांबापर्यंत नेईलच असं नाही.

तिसरी चूक: खांबाचा क्रमांक न बघणं

खरं काम इथे होतं. बऱ्याच शहरांत पथदिव्याच्या खांबावर डोळ्यांच्या उंचीला किंवा थोडं वर रंगानं क्रमांक लिहिलेला असतो, कुठे पत्र्याची छोटी पट्टी ठोकलेली असते. तो क्रमांक दिला की तक्रार घेणाऱ्याला ना तुमची गल्ली ओळखावी लागते, ना तुमची सोसायटी. क्रमांक रात्री दिसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाल तेव्हा त्याचा जवळून एक फोटो काढा. क्लासेसची पोस्टरं चिकटवून तो झाकला गेला असेल (हे फार होतं), तर शेजारच्या दोन खांबांचे क्रमांक बघा. एकावर 6 आणि दुसऱ्यावर 8 असेल तर मधला कुठला, हे वायरमनला सांगावं लागत नाही.

क्रमांकच नसेल तर खांब मोजा, पण कुठून मोजला तेही लिहा. ‘उजवीकडचा तिसरा’ एवढ्यानं भागत नाही, कारण गल्लीच्या दुसऱ्या टोकाने येणाऱ्यासाठी तोच खांब डावीकडे असतो. खूण म्हणून दुकानाची पाटी, गिरणी, देऊळ असं हलणार नाही ते द्या. ‘पाणीपुरीच्या गाडीसमोर’ ही खूण संध्याकाळी सातनंतरच खरी असते.

चौथी चूक: ‘लाइट बंद’ एवढंच लिहिणं

फोटोत एक अंधारा खांब दिसतो. आजूबाजूला काय चाललंय ते दिसत नाही आणि दुरुस्तीसाठी तेच महत्त्वाचं असतं. एकच दिवा बंद आणि शेजारचे चालू असतील, तर दोष बहुधा त्या दिव्यात, त्याला हवी तशी वीज देणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नावाच्या भागात किंवा खांबातल्या जोडणीत असतो. त्याला शिडीची गाडी लागते. ओळीनं सगळे बंद असतील तर शिडीचा उपयोग नाही, पिलरमधला एमसीबी, टायमर किंवा जमिनीखालची केबल तपासावी लागते. तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही: दर तिसरा दिवा बंद. पथदिवे बरेचदा तीन फेजवर आळीपाळीनं जोडलेले असतात, त्यातली एक फेज गेली की असं दिसतं. अशा वेळी चार शेजाऱ्यांनी चार खांबांच्या चार तक्रारी केल्या, तर चार वेगवेगळी कामं नोंदली जातात आणि मूळ बिघाड एका पेटीत तसाच राहतो.

म्हणून रात्रीचा फोटो खांबाच्या पायथ्याशी उभं राहून वर तोंड करून काढू नका. रस्त्याच्या टोकाला जा आणि चालू-बंद खांबांची अख्खी रांग दिसेल असा घ्या. दिवा मिचमिचतो, पूर्ण बंद आहे की भरदुपारी जळत राहतो, हे एका वाक्यात लिहा. दुपारी जळणारा दिवाही बिघाडच आहे, त्यात दोष टायमरचा किंवा प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरचा असतो.

पाचवी चूक: खांब कुणाचा ते न पाहणं

मुंबईत हा घोळ सर्वांत जास्त. शहर भागातले पथदिवे बेस्ट बघते, पश्चिम उपनगरात अदानी इलेक्ट्रिसिटी, तर मुलुंड-भांडुपकडे महावितरण. गावात खांब महावितरणचा असतो, पण त्यावरच्या दिव्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची. राष्ट्रीय महामार्गाचे दिवे महापालिकेच्या यादीत नसू शकतात. सोसायटीच्या फाटकाच्या आतला दिवा तर सोसायटीचाच, त्यासाठी सेक्रेटरींना गाठा.

आता हातात फक्त तो एकच फोटो असेल तर?

समजा, ग्रुपवर कुणीतरी तोच काळाकुट्ट फोटो टाकलाय आणि तक्रार करायची जबाबदारी तुमच्यावर आली. सर्वांत सोपं म्हणजे ज्यानं काढला त्याला विचारा: मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव आणि तू कुठून कुठे चालला होतास ते सांग. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की, लोकेशन चालू असेल तर, खाली नकाशा दिसतो.

तो माणूस सापडत नसेल तर फोटोचा उजेड वाढवून बघा. काळोखात बरंच काही दडलेलं असतं: अर्धी पाटी, फाटकाची जाळी, गच्चीवरची टाकी. आमच्या नमुन्याच्या फोटोत उजेड वाढवल्यावर समजा ‘...कार पीठ गि...’ एवढी अक्षरं दिसली आणि खांबाला दोन हात फुटलेले दिसले. परिसरातली ‘ओंकार पीठ गिरणी’ नकाशात शोधली. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू 2022 पासून पुणे, मुंबई, नाशिक, अहिल्यानगर म्हणजे तेव्हाचं अहमदनगर, अशा शहरांत आहे. त्यात दिवसाचं दृश्य मिळतं, तेव्हा गिरणीसमोरचा दोन हातांचा खांब ओळखू येतो. दृश्य जुनं असू शकतं, मधल्या काळात खांब बदललेलाही असेल. म्हणून एकदा जाऊन क्रमांक बघून या. दहा मिनिटांचं काम आहे.

मग तक्रार अशी होते:

‘पथदिवा बंद, खांब क्र. 14/7. मुख्य रस्त्यावरून शांतिबन गल्लीत शिरल्यावर उजव्या हाताचा तिसरा खांब, ओंकार पीठ गिरणीसमोर. खांबाला दोन दिवे आहेत, त्यातला गल्लीकडचा बंद, रस्त्याकडचा चालू. शेजारचे दोन्ही खांब चालू. सोमवार रात्रीपासून पूर्ण बंद, मिचमिचत नाही. सोबत दोन फोटो: रात्री रांगेचा, सकाळी क्रमांकाचा. पिन खांबाखालून टाकली आहे.’

यात ‘त्वरित दखल घ्यावी’ नाही, करदात्यांच्या पैशाचा उल्लेखही नाही. तो हवा असेल तर शेवटी घाला, पण अॅपमध्ये अक्षरांची मर्यादा असते आणि रागाच्या दोन ओळी लिहिताना खांबाचा क्रमांक बाहेर राहतो. फोन नंबर मात्र चालू असलेलाच द्या आणि अनोळखी नंबर उचला. वायरमन गल्लीच्या तोंडाशी उभा राहून फोन करतो, आपण तो कर्जवाल्यांचा समजून कापतो आणि मग ‘तक्रारदाराशी संपर्क झाला नाही’ असा शेरा पडतो.

आधीची तक्रार ठिकाणाअभावी बंद झाली असेल आणि अॅपमध्ये ती पुन्हा उघडायची सोय असेल, तर तीच उघडून वरचा तपशील जोडा. सोय नसेल तर नवी करा आणि मजकुरात जुन्या तक्रारीचा क्रमांक लिहा, म्हणजे दिवा किती दिवस बंद आहे हे नोंदीत राहतं.

एका बाबतीत मात्र यातलं काहीही करत बसू नका. खांबाच्या बुंध्याशी जंक्शन बॉक्सचं झाकण उघडं असेल, तार लोंबत असेल किंवा पावसात खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. लांब उभे राहा, मुलांना आणि गुरांना दूर ठेवा आणि महावितरणच्या भागात 1912 वर, इतरत्र तिथल्या वीज कंपनीच्या किंवा महापालिकेच्या आपत्कालीन नंबरावर थेट फोन करा. फोनवरही पहिलं वाक्य ठिकाणाचंच असू द्या: गल्ली, खूण, कुठल्या बाजूचा खांब.