एसी २५ वर, तरी खोली गरम का? भिंतींचं तापमान मोजायला शिका

वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत मे महिन्यात हमखास होणारी तक्रार: एसी २५ वर आहे, हवा गार लागतेय, तरी डोकं तापतंय. मेकॅनिक येतो, गॅस बघतो, फिल्टर धुतो आणि "मशीन ठीक आहे" म्हणून निघून जातो. तो बरोबरच सांगतो. स्प्लिट एसीचा सेन्सर यंत्रात ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान बघतो. तापलेला स्लॅब त्याला दिसतच नाही, तुमच्या अंगाला मात्र तो सतत जाणवत असतो.

अंगातली उष्णता दोन मुख्य वाटांनी बाहेर जाते. एक हवेतून, दुसरी थेट आजूबाजूच्या पृष्ठभागांकडे, मधल्या हवेचा संबंध न येता. शेकोटीपुढे बसलं की छाती शेकते आणि पाठ गारच राहते, ते या दुसऱ्या वाटेमुळे. आपली त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर असते. भिंत २६ अंशांवर असेल तर अंग तिच्याकडे उष्णता सहज सोडतं. छत ३८ वर असेल तर उलट तेच अंगावर उष्णता टाकतं. तुमच्या भोवतीच्या सगळ्या पृष्ठभागांचा मिळून जो एक आकडा निघतो, तो म्हणजे मीन रेडियंट टेंपरेचर, थोडक्यात एमआरटी. वारा फारसा नसलेल्या खोलीत अंगाला जाणवणारं तापमान हे हवेचं तापमान आणि एमआरटी यांच्या जवळजवळ मधोमध असतं. म्हणजे एसी जो आकडा दाखवतो, तो निम्माच हिशोब आहे.

आधी मोजा

यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. पिस्तुलासारखा, बटण दाबलं की आकडा दाखवणारा. ताप मोजायचा नको, कारण त्याची मर्यादा अंगाच्या तापमानापुरती असते. हार्डवेअरच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा घ्या.

मोजण्याची वेळ महत्त्वाची. काँक्रीटचा स्लॅब दुपारचं ऊन पोटात घेतो आणि काही तासांनी खाली सोडतो, त्यामुळे दुपारी १२ला मोजलं तर छत निर्दोष वाटेल. संध्याकाळी ६ ते ९ च्या दरम्यान, एसी तासभर चालू ठेवून मोजा. छताचं मधे आणि चार कोपऱ्यांजवळ असं पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. मग प्रत्येक भिंत, खिडकीची काच आणि फरशी.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. लाल ठिपका दिसतो तेवढीच जागा यंत्र मोजतं असं वाटतं, पण तसं नसतं. १२:१ लिहिलेलं यंत्र बारा फुटांवरून एक फूट रुंद जागेची सरासरी देतं, म्हणून शक्य तितकं जवळ जा. आणि स्टील, ॲल्युमिनियम अशा चकचकीत पृष्ठभागांवरचा आकडा चुकीचा असतो, कारण तिथे समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब मोजलं जातं. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर मास्किंग टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. रंगवलेली भिंत आणि छत यांची अशी अडचण नसते.

मग हिशोब

बारा बाय नऊ फुटांपेक्षा थोडी मोठी, ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी खोली घेऊ. हवा २५. छत १२ चौरस मीटर, ३८ अंश. पश्चिमेची भिंत खिडकीसकट १२ चौरस मीटर, ३६ अंश. उरलेल्या तीन भिंती मिळून ३०, त्या २९ अंश. फरशी १२, ती २८ अंश. प्रत्येक क्षेत्रफळाला त्याच्या तापमानाने गुणा, सगळं मिळवा, एकूण ६६ ने भागा. उत्तर येतं सुमारे ३२.

हवा २५ आणि एमआरटी ३२, म्हणजे अंगाला २८.५. घरच्यांची तक्रार खरी आहे, हे आता आकड्यात दिसतं.

हा हिशोब खोलीच्या मध्याचा आणि ढोबळ आहे. तापलेल्या भिंतीलगत बसलात तर तिचा वाटा वाढतो. शिवाय सरासरी ठीक असूनही त्रास होऊ शकतो. माणूस गार भिंत बरीच सहन करतो, तापलेलं छत नाही. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या ५५ क्रमांकाच्या मानकात वरून आणि खालून जाणवणाऱ्या उष्णतेतला फरक गरम छतासाठी ५ अंशांच्या आतच ठेवायला सांगितलाय, गार भिंतीसाठी मात्र दोन बाजूंमधला फरक १० पर्यंत चालतो. डोकं तापण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

आणि काचेतून आलेलं ऊन थेट अंगावर पडत असेल तर तो वेगळाच बोजा. या हिशोबात तो धरलेलाच नाही. उन्हाच्या पट्ट्यातून आधी खुर्ची हलवा.

आता उपाय, याच क्रमाने

पहिलं गच्चीवर काम करा, कारण आपल्या हिशोबात सगळ्यात तापलेला पृष्ठभाग छतच आहे. ऊन परतवणारा पांढरा रंग, चुना किंवा पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझाइक, यांपैकी काहीही चालेल. धूळ साचली की पांढरेपणा जातो आणि गुणही जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवा. गच्ची सोसायटीची असते, तेव्हा परवानगी हिवाळ्यातच मागून ठेवा.

दुसरं, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्या: बांबूची चिक, छज्जा किंवा जाड हिरवी जाळी. आतल्या पडद्यावर भिस्त ठेवू नका. ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो. चार वाजता पडद्यावर थर्मामीटर धरून बघा, खात्री पटेल.

छत आणि पश्चिमेची भिंत दोन्ही ३२ वर आली असं धरून पुन्हा हिशोब करा. एमआरटी ३० येतो, जाणवणारं तापमान २७.५. तेवढाच फरक नुसत्या एसीने पाडायचा तर तो २३ वर न्यावा लागला असता, आणि तरीही डोक्यावरचं छत ३८ वरच राहिलं असतं.

तोवर, आजच्या रात्रीसाठी, एसीसोबत पंखा लावा. वारा वाढला की अंगाच्या हिशोबात हवेचा वाटा वाढतो, तापलेल्या भिंतींचा कमी होतो.

थंड देशात राहणाऱ्यांसाठी

तिकडे हेच उलटं होतं. बाहेर शून्य आणि आत २१ असताना एकेरी काचेची आतली बाजू ५-६ अंशांवर असते, साध्या दुहेरी काचेची १३ च्या आसपास. हीटर वाढवत बसण्यापेक्षा पलंग किंवा अभ्यासाचं टेबल त्या काचेपासून दूर घ्या आणि रात्री जाड पडदा ओढा. उन्हाच्या बाबतीत कुचकामी असलेला आतला पडदा इथे कामाचा आहे, कारण तो अंग आणि थंड काच यांच्या मधे येतो. मात्र पडद्यामागे काच आणखी गार होऊन तिच्यावर पाणी धरतं. सकाळी पडदा उघडून चौकट पुसून घ्या, नाहीतर कोपऱ्यात बुरशी धरेल.