एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाचा व्हायवा: स्लाइड आणि उत्तरे कशी तयार करावीत

एम.एस्सी. नर्सिंगचे बहुतेक प्रबंध एकाच साच्यातले असतात: एक गट, पूर्वचाचणी, नियोजित शिक्षण, उत्तरचाचणी, शेवटी टी-चाचणी आणि काय-वर्ग चाचणी. परीक्षकांनाही हा साचा तोंडपाठ असतो, त्यामुळे प्रश्न कुठून येणार हे बऱ्याच अंशी आधीच ओळखता येते. पुढची तयारी एक काल्पनिक उदाहरण समोर ठेवून सांगतो. सिझेरियन झालेल्या ६० प्रथम प्रसूत मातांचे स्तनपानाविषयीचे ज्ञान ३० प्रश्नांच्या प्रश्नावलीने शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तपासले, त्याच दिवशी नियोजित शिक्षण दिले आणि पाचव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. सरासरी गुण १२.४ वरून २१.८ वर गेले.

स्लाइड उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत: उद्दिष्ट, त्यासाठी वापरलेले साधन आणि त्यासाठी केलेले सांख्यिकीय विश्लेषण. प्रत्येक उद्दिष्टासमोर उरलेले दोन्ही रकाने भरता आले पाहिजेत. शीर्षकात ‘ज्ञान व कृती’ असे लिहिले आहे आणि साधन मात्र फक्त प्रश्नावली आहे, ही चूक याच कागदावर सापडते. कृती तपासायची तर निरीक्षण यादी हवी. ती नसेल तर आपला निष्कर्ष ज्ञानापुरताच आहे, हे स्लाइडवरच स्पष्ट लिहावे. बांधणी झालेल्या प्रबंधात आता बदल करता येत नाही, पण परीक्षकांनी चूक काढण्याआधी आपण ती मर्यादा म्हणून मांडली, तर पुढची चर्चा सौम्य होते.

पंधरा मिनिटांसाठी चौदा-पंधरा स्लाइड पुरतात. संकल्पनात्मक आराखड्याची आकृती प्रबंधातून जशीच्या तशी उचलली, तर मागच्या बाकावरून एकही शब्द वाचता येत नाही. म्हणून ती नव्याने, मोजक्या चौकटींत काढावी आणि प्रत्येक चौकटीत सिद्धान्तातील संज्ञेखाली आपल्या अभ्यासातली गोष्ट लिहावी. साहित्याच्या आढाव्याला एक स्लाइड पुष्कळ झाली. वाचवलेला वेळ संशोधन पद्धती आणि निष्कर्ष यांना द्यावा, कारण प्रश्न तिथेच येतात. पूर्ण तक्ते, साधनाची विश्वसनीयता, संमतीपत्र आणि नमुनासंख्येचे गणित या स्लाइड ‘धन्यवाद’च्या स्लाइडनंतर ठेवाव्यात आणि विचारले तरच उघडाव्यात. मराठी प्रश्नावली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर दुसऱ्या संगणकावर तिची अक्षरे बदलून भलतीच चिन्हे दिसतात; म्हणून सादरीकरणाची पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर असावी.

निष्कर्षाच्या मुख्य स्लाइडवर एकच छोटा तक्ता पुरतो: दोन्ही सरासऱ्या, त्यांतला ९.४ गुणांचा फरक, फरकांचे प्रमाण विचलन ४.२ आणि टी-मूल्य. टी-मूल्य हातानेही काढून पाहावे. ४.२ ला ६० च्या वर्गमुळाने भागले की सुमारे ०.५४ ही प्रमाणित त्रुटी मिळते, आणि ९.४ ला तिने भागले की सुमारे १७.३. स्वातंत्र्यांश ५९. जोडीची टी-चाचणी का, असे विचारले तर ‘तीच माता दोनदा मोजली’ हे उत्तर पुरेसे आहे. एसपीएसएसच्या पडद्यावर `Sig. .000` असे दिसते, पण संभाव्यता शून्य कधीच नसते. स्लाइडवर `p < 0.001` असेच लिहावे. शक्य असेल तर फरकाचा ९५ टक्के विश्वासांतरही द्यावा. इथे तो साधारण ८.३ ते १०.५ गुण असा येतो, आणि ज्ञान नेमके किती वाढले हे त्यातूनच कळते.

आता खरा प्रश्न. ‘ही वाढ तुमच्या शिकवण्यामुळेच झाली, हे कशावरून?’ विद्यार्थी इथे टी-मूल्य पुढे करतात आणि अडकतात, कारण टी-चाचणी फरक योगायोगाचा नसावा एवढेच सांगते. फरकाचे कारण ती सांगत नाही. दुसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या मधे वॉर्डातल्या सिस्टरांनीही मातेला शिकवले असेल, शेजारच्या खाटेवरच्या बाईने सल्ला दिला असेल, बाळाला पाजता पाजता ती स्वतःच शिकली असेल. शिवाय प्रश्नावली तीच असल्यामुळे प्रश्न लक्षात राहिलेले असतील. उत्तरात ही कारणे आपणच मोजावीत आणि मग सांगावे: ‘नियंत्रण गट नसल्यामुळे ही कारणे मला पूर्णपणे वगळता येत नाहीत. एकाच वॉर्डात दोन गट केले असते, तर शिकवलेली माहिती दुसऱ्या गटापर्यंत पोहोचली असती. म्हणून शिक्षणानंतर ज्ञानात लक्षणीय वाढ दिसली, एवढाच माझा निष्कर्ष आहे.’ यावर अनुभवी परीक्षक विचारतील, ‘आधी ३० मातांचा नियंत्रण गट पूर्ण करून मग उरलेल्या ३० मातांना शिकवता आले नसते का?’ आले असते, आणि तसे कबूल करून ही सूचना पुढील संशोधनाच्या शिफारशींत जाईल असे म्हणावे. इथे वाद घालण्यात काही मिळत नाही.

नर्सिंगच्या परीक्षकांना वॉर्ड माहीत असतो, हेही विसरू नये. सामान्य प्रसूतीच्या माता घेऊन सातव्या दिवशी उत्तरचाचणी केली असे लिहिले, तर पहिला प्रश्न येतो: ‘त्या तर तोवर घरी गेलेल्या असतात, मग भेटल्या कुठे?’ सिझेरियनच्या माता का निवडल्या, याचे खरे उत्तर त्या वॉर्डात जास्त दिवस राहतात हेच असेल, तर तेच सांगावे. पण त्याबरोबर निष्कर्ष सामान्य प्रसूतीच्या मातांना लागू करता येणार नाही, हेही मान्य करावे लागते.

दुसरी कमकुवत जागा म्हणजे काय-वर्ग चाचणी. शिक्षणाचे चार गट आणि ज्ञानाच्या तीन पातळ्या घेतल्या की बारा घरे होतात. ६० मातांमध्ये एका घराच्या वाट्याला सरासरी पाचच येतात, आणि वाटणी विषम असल्यामुळे कित्येक घरांतली अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जाते. एसपीएसएस तक्त्याखाली बारीक अक्षरात तसे लिहितेही: `8 cells (66.7%) have expected count less than 5`. ही ओळ प्रबंधातून गाळलेली असते आणि परीक्षक ती मुद्दाम विचारतात. अशी घरे वीस टक्क्यांपेक्षा जास्त असतील, तर अर्थ बिघडणार नाही अशा बेताने गट एकत्र करावेत, किंवा फिशरची अचूक चाचणी करून तिचा निकाल मागच्या स्लाइडवर ठेवावा. शिवाय ०.०५ पातळीवर आठ चल तपासले आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर खरा संबंध एकही नसताना किमान एखादा ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. त्यामुळे आठातला एखादाच चल लक्षणीय आला असेल, तर त्यावर शिफारशींचा डोलारा उभा करू नये.

विश्वसनीयतेचा प्रश्न लहान असतो, पण हटकून येतो. बरोबर-चूक स्वरूपाच्या प्रश्नांसाठी के.आर.-२० वापरतात, कोणी क्रोनबाखचा अल्फा काढला असेल तरी घाबरू नये, कारण शून्य-एक गुणांवर दोन्हींचे मूल्य सारखेच येते.

उत्तरांचा सराव मैत्रिणीपुढे करावा, पण ती दुसऱ्या विशेष शाखेची असावी. आपल्याच शाखेची मैत्रीण न कळलेलेही समजून घेते. उत्तर आधी एका वाक्यात द्यावे, मग कारण, मग प्रबंधातले पान. त्यासाठी आपल्या प्रतीत साधन, मार्गदर्शन सूची, नीतिशास्त्र समितीचे पत्र आणि मास्टर शीट या पानांवर रंगीत चिठ्ठ्या लावाव्यात. सराव करतानाच प्रत्येक तक्त्याची बेरीज ६० होते का, हे पेन्सिलीने तपासावे. एखादी ५८ निघाली, तर दुरुस्तीचे पान छापून, गाइडला दाखवून, व्हायवाच्या दिवशी परीक्षकांच्या हाती सुरुवातीलाच द्यावे.