व्याख्यानानंतरचा तिरकस प्रश्न: या चुका टाळा

समजा, जुन्नर तालुक्यातल्या एका गावात सर्पदंशावर तुमचं व्याख्यान झालं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं कसं ओळखायचं ते दाखवलं. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा, हेही सांगून झालं. 'कुणाला काही विचारायचंय?' म्हणताच मागून एक गृहस्थ उठतात. 'तुम्ही शहरातून येता आणि आमच्या देवाला नावं ठेवता. माझ्या वडलांना पान लागलं होतं, मांत्रिकानंच वाचवलं. ते काय खोटं?'

इथली पहिली चूक म्हणजे 'ही अंधश्रद्धा आहे' असं ताडकन उत्तर देणं. मुद्दा बरोबर असला तरी सभा हातची जाते. तो माणूस गावातला आहे, त्याच्या वडलांना निम्मी सभा ओळखते. तुम्ही त्याला गप्प केलंत की त्याचं म्हणणं न पटलेले लोकही त्याच्या बाजूला सरकतात. म्हणून त्याला पूर्ण बोलू द्या, एक घोट पाणी प्या, मग तोंड उघडा.

दुसरी चूक जास्त नकळत होते: प्रश्न त्याच्याच शब्दांत पुन्हा म्हणणं. 'मी देवाला नावं ठेवतो असं तुम्ही म्हणता, पण मी ठेवत नाही' असं म्हणालात की सभेच्या डोक्यात 'देवाला नावं' एवढंच राहतं. त्यातलं टोचणारं काढा आणि खरी शंका तेवढी ठेवा: 'दादा विचारतायत की मांत्रिकाकडे नेलेला माणूसही बरा होतो, मग दवाखान्यात कशाला जायचं? बरोबर ना, दादा?' मागच्यांना प्रश्न ऐकू जातो, तुम्हाला विचाराला वेळ मिळतो. मात्र शंका पातळ करू नका. 'मी असं म्हणालोच नाही' हे त्याला म्हणावं लागलं, तर सभेचा तुमच्यावरचा विश्वास गेलाच.

उत्तराची सुरुवात त्याच्या खरेपणापासून करा. 'तुमचे वडील वाचले, ते खोटं कसं असेल? पण आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधीकधी चावतो पण विष सोडत नाही. असा माणूस मंत्र न घालताही वाचतो. विष भिनलेल्याचं तसं नाही. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. काही वेळानं पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. तो वेळ मांत्रिकाच्या दारात गेला, तर माणूस जातो.' एवढं पुरे. याहून लांबवलंत की तो वाद होतो.

नजर कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. पहिलं वाक्य त्याच्याकडे बघून बोला, पुढचं सगळ्या सभेकडे, आणि शेवटचं सभेच्या दुसऱ्या टोकाला: 'हां, तिकडे ताईंचा हात वर आहे.' शेवटपर्यंत त्याच्याचकडे बघत राहिलात, किंवा 'झालं का समाधान?' विचारलंत, की तो पुन्हा बोलणारच. माइकही प्रश्नकर्त्याच्या हातात देऊ नका. कार्यकर्त्यानं तो धरून उभं राहावं, हे आयोजकांशी आधीच ठरवून घ्या.

मग दुसरा उठतो: 'सापाचं सोडा, बिबट्याचं बोला. आमची वासरं जातायत.' 'हा आजचा विषय नाही, बसा' म्हणणं वाईट, कारण त्याचं नुकसान खरं आहे. पण बिबट्यावर दहा मिनिटं बोलणं त्याहून वाईट. कडेचे लोक चपला शोधू लागले, मधल्या रांगेत कुजबुज सुरू झाली, की समजा सभा निसटतेय. 'वासराचं नुकसान मोठं आहे. भरपाईसाठी लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या. बाकीचं सभा संपल्यावर या खांबापाशी बोलू' इतकं सांगा आणि नंतर खरंच त्या खांबापाशी थांबा. नुसतं 'नंतर बघू' ही पळवाट गावाला लगेच कळते.

प्रश्नाऐवजी भाषणच करणाऱ्याला तो श्वास घेईल तिथे अडवा: 'काका, यातला सापाचा मुद्दा आधी घेतो.' 'आरोग्य केंद्रात लसच नसते' अशी तक्रार आली, तर सरकारची बाजू लढवत बसू नका. तिथला साठा तुम्हाला माहीत नसेल तर तसं सांगा. जवळ कुठे लस मिळते हे आधीच विचारून ठेवा, असा सल्ला द्या.

कुणी पिऊन आलेला असेल किंवा शिवीगाळीवर उतरला, तर ते काम वक्त्याचं नाही. सरपंचांनी किंवा अध्यक्षांनी उठायचं, हेही सभेआधीच बोलून ठेवा. आणि शेवटच्या प्रश्नावर सभा सोडू नका, तो नेमका तिरकस निघू शकतो. 'आता दोनच प्रश्न' असं जाहीर करा, ते झाले की एक मिनिट स्वतःकडे ठेवा. त्यात दंश झालेला हात किंवा पाय हलवू नका, कापू नका, घट्ट बांधू नका आणि १०८ ला फोन करा, एवढंच पुन्हा सांगा.