पुरस्काराची लिंक्डइन पोस्ट: मोठेपणा न मिरवता टीमचे आभार कसे मानावेत

वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यातला एखादा लहान काजू कारखाना डोळ्यांसमोर आणा. तीस-पस्तीस माणसं, त्यात बहुतेक बायका. उद्योजकांच्या संघटनेकडून गुणवत्तेचा पुरस्कार मिळाला आणि आता मालकांना तो लिंक्डइनवर जाहीर करायचाय. मुंबईचे घाऊक व्यापारी, आखातातले आयातदार, बँकेची माणसं तिथे असतात, म्हणजे सांगायला हवंच. पण लिहायला बसलं की हटकून असं वाक्य उतरतं: ‘आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने आणि माझ्या टीमच्या अथक परिश्रमांमुळे हा मानाचा पुरस्कार मला मिळाला, याचा अत्यंत आनंद होत आहे.’

शब्द नम्र आहेत, तरी वाचणाऱ्याला यात बढाईच ऐकू येते. पुरस्कार कशासाठी मिळाला ते कळत नाही, टीममध्ये कोण आहे ते कळत नाही, उरतो तो फक्त ‘मान’ आणि ‘मला’. म्हणून विशेषणं कमी करत बसू नका. काम सांगा, मोठेपणा आपोआप मागे पडतो.

पहिलं काम लिहिण्याआधीचं. पुरस्कारासाठी भरलेला अर्ज आणि मानपत्र काढून समोर ठेवा. विभाग कोणता होता, निवड कशावरून झाली, तो विभागून मिळाला का, हे त्यातून एका ओळीत उतरवा. विभागून मिळाला असेल तर तसं लिहा. धंद्यातल्या माणसांना ते माहीत असतंच, आणि लपवलेलं लगेच लक्षात येतं. पैसे भरले की कुणालाही मिळतो अशातला पुरस्कार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की त्याची पोस्ट टाकूच नये. त्यात टीमचे आभार मानणं म्हणजे टीमलाही अडचणीत आणणं.

आता मुख्य भाग. कारखान्यात जाऊन विचारा: यंदा नेमकं काय बदललं आणि ते कुणी केलं? काजूत गुणवत्ता म्हणजे बऱ्याच अंशी अख्खा गर. बी फोडताना गर अख्खा निघाला तर चांगला भाव, पाकळी झाली तर कमी, तुकडा किंवा कणी झाली तर आणखी कमी. आपल्या उदाहरणात असं धरू की बी वाफवल्यावर ती नीट सुकू द्यायची, घाईने फोडायला घ्यायची नाही, हा आग्रह बॉयलर सांभाळणाऱ्या काकांनी धरला. बी पुरेशी सुकली की टरफल ठिसूळ होतं आणि गर कमी तुटतो. फोडणीच्या मशीनवरच्या बायकांनी पात्यांमधलं अंतर बीच्या आकाराप्रमाणे लावून घ्यायला सुरुवात केली. टरफलातल्या तेलाने हात भाजतात, त्यावर उपाय म्हणून हातमोजे आणि हाताला लावायचं तेल जागेवर मिळेल अशी सोयही त्यांनीच मागून घेतली. ही माहिती मालकांच्या केबिनमध्ये मिळणार नाही. ती फोडणीच्या खोलीत अर्धा तास उभं राहिल्यावरच मिळते.

आभाराच्या प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी बसवा: कोण, काय केलं, त्याने काय झालं. आणि वाक्याचा कर्ता तेच माणूस असू द्या. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली टीमने’ असं सुरू झालं की कर्ता पुन्हा तुम्हीच होता. आकडा द्यायचा तर तुमच्या नोंदवहीत असलेलाच द्या; गोल करून वाढवलेला आकडा खरेदीदाराला बरोबर ओळखता येतो.

लिंक्डइनवर एका पोस्टला 3000 अक्षरांची मर्यादा आहे, पण स्क्रोल करताना सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचं वाचायला दाबून उघडावं लागतं. म्हणून ‘कळवण्यास अत्यंत आनंद होतो की’ यात त्या ओळी घालवू नका. पुरस्कार आणि ज्यांच्यामुळे तो मिळाला ती माणसं, दोन्ही तिथेच यायला हवीत.

सगळं जुळवल्यावर पोस्ट अशी होईल. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

‘आमच्या काजू कारखान्याला यंदा लघुउद्योग विभागातला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. तो मुख्यतः फोडणीच्या खोलीतल्या कामाचा आहे.

गेल्या हंगामात शंभर किलो गरात अख्खा गर 68 किलो निघत होता, यंदा 75 किलो निघाला. (नाव) काकांनी वाफवलेली बी पूर्ण सुकल्याशिवाय फोडायला द्यायची नाही, हे पूर्ण हंगामभर पाळलं. (नाव), (नाव) आणि (नाव) यांनी बीच्या आकाराप्रमाणे पाती लावण्याची पद्धत बसवली आणि नव्या मुलींना शिकवली. (नाव) यांनी प्रतवारीच्या टेबलावर रोजची नोंद ठेवली, त्यामुळे अर्ज भरताना आमच्याकडे दाखवायला काही होतं.

आमच्या विभागात आणखी एका कारखान्याचाही गौरव झाला, त्यांचं अभिनंदन. ओल्या बीचं नुकसान अजून आम्हाला पुरतं आटोक्यात आणता आलेलं नाही; पुढच्या हंगामात त्यावर काम करणार आहोत.’

शेवटच्या परिच्छेदातला राहिलेल्या कामाचा उल्लेख मुद्दाम ठेवलाय. तो खरा असेल तरच लिहा. नम्रता दाखवायला घातलेली खोटी उणीव बढाईपेक्षा वाईट दिसते.

कोकणात एक प्रश्न हमखास येतो. ज्यांचे आभार मानायचे त्यातल्या बहुतेकांचं लिंक्डइनवर खातंच नसतं, त्यामुळे @ लावून फक्त ऑफिसातल्या दोघांची नावं जोडली जातात आणि खरी माणसं गळतात. खातं नसलं तरी नाव साधं लिहा, सगळ्यांची नावं एकाच पद्धतीने. कुणाला ताई, कुणाला काका म्हणत असाल तर तसंच राहू दे, पण पूर्ण नावही द्या. टाकण्याआधी प्रत्येकाला विचारा: नाव चालेल का, फोटो चालेल का? मग मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवा, किंवा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. ‘ते मी एकटीने नाही केलं, तिचंही नाव घाला’ असं तिथेच कळतं. बातमी बाहेरच्यांआधी त्यांच्या कानावर जाते, हेही महत्त्वाचं.

फोटो ट्रॉफीसोबतच्या एकट्या मालकांचा नको. टेबलापाशी सगळे, ट्रॉफी ज्यांच्या कामाची त्यांच्या हातात. फोटो नीट निवडा, कारण पोस्ट टाकल्यावर मजकूर दुरुस्त करता येतो, फोटो बदलता येत नाही. हॅशटॅग दोन-तीन पुरे. परीक्षक, पुढारी आणि मोठे ग्राहक यांना @ लावून ओढू नका. पुरस्कार देणाऱ्या संघटनेला जोडलंत तेवढं बास. त्यांनी स्वतः निकाल जाहीर करेपर्यंत थांबा.

नंतर प्रतिक्रिया येतील, आणि त्या बहुतेक ‘साहेब, अभिनंदन, तुमची मेहनत!’ अशाच असतील. उत्तर देताना नुसतं ‘धन्यवाद’ लिहून थांबू नका. ‘पाती लावायचं काम (नाव) ताईंचं, त्यांना सांगतो’ असं लिहा आणि संध्याकाळी कारखाना सुटण्याआधी त्यांना ती प्रतिक्रिया खरोखर दाखवा.