चष्म्याच्या दुकानाची जाहिरात छापायला देण्याआधी

दुकानाचं नाव, पत्ता, फोन प्रिंटर स्वतःच विचारून घेतो. पत्त्याला खूण जोडा एवढंच. सोलापूरच्या नवी पेठेत नुसत्या गाळा नंबरावर कुणी पोचत नाही.

आधी फ्रेमच्या दराशेजारी लिहा: काच वेगळी. मागच्या पत्रकात नेमकं हेच राहिलं होतं. 'फ्रेम ६०० रुपयांपासून' वाचलं की गिऱ्हाईक सहाशेच खिशात घालून येतं. समजा त्याचा नंबर निघाला मायनस सहा. या नंबराची साधी काच कडेला जाड होते, आणि फ्रेम मोठी निवडली तर कड अजून जाड दिसते. मग पातळ, हाय इंडेक्स काच सुचवावी लागते आणि बिल दोन हजारांच्या पुढे जातं. आपण फसवलेलं नसतं, पण काउंटरवर वाद व्हायचा तो होतोच. म्हणून 'पासून' आणि 'काच वेगळी' हे दोन्ही सहाशेच्या आकड्याएवढ्याच ठळक अक्षरात हवेत. तळाला चांदणी करून बारीक टाईपात टाकलं तर न लिहिल्यासारखंच. काचेसह दर द्यायचा असेल तर तो किती नंबरापर्यंत, हेही लिहा.

'डोळ्यांची संपूर्ण तपासणी' नको. आपल्याकडे ऑप्टोमेट्रिस्ट मशीनवर अंदाज घेतो आणि ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत नंबर पक्का करतो. तेव्हा 'चष्म्याच्या नंबराची तपासणी' म्हणा, आणि तो कुठल्या वेळेत बसतो तेही छापा. पडदा, काचबिंदू हे डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम. चष्म्याने नंबर उतरतो, मोतीबिंदू थांबतो असलं काही चुकूनही नको. मोतीबिंदू-काचबिंदू बरे करणाऱ्या औषधा-उपायांच्या जाहिरातींवर तर १९५४ च्या कायद्याने बंदीच आहे. डिझायनर हौसेने 'ब्लू कट काचेने डोळ्यांचा थकवा गायब' टाकेल, तेही काढा. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात साध्या काचेच्या तुलनेत निदान थोड्या काळात तरी असा फायदा दिसला नाही. 'ब्लू कट काच मिळेल' एवढं पुरे.

वाचणाऱ्याच्या कामाच्या दोन ओळी मात्र ठेवा. जुना चष्मा सोबत आणा. आधीचा नंबर कळला की नवा ताडून बघता येतो. दुसरी मधुमेहींसाठी: साखर फार वरखाली होत असेल तर नंबरही हलतो, ती स्थिरावल्यावर तपासा. अचानक अंधुक दिसायला लागलं तर दुकानात नको, थेट डॉक्टरकडे, हेही त्यातच बसवा.

पूर्व भागात पत्रक वाटायचं तर तेलुगूतही छापा. प्रूफ तेलुगू वाचणाऱ्याला दाखवा. 'काच वेगळी' तिथेही आलंय ना, ते विचारा. फोटोतली फ्रेम त्याच दरातली हवी. सुट्टीचा वार लिहा. फोन नंबर एकदा लावून बघा.