ब्रेकची हवा काढताना या चुका टाळा

इंदूरमध्ये श्रावण लागला की आमच्या सुदामानगरातल्या गल्लीत जुन्या गाड्या बाहेर निघतात. सोमवारी ओंकारेश्वरला जायचं असतं आणि वाटेत सिमरोलनंतर भेरूघाट असतो, म्हणून आदल्या रविवारी कुणीतरी घरीच ब्रेकचं काम काढतं. संध्याकाळी मला हाक येते, "काका, जरा बघता का? पॅडल स्पंजसारखं लागतंय." वर्कशॉपमध्ये हात काळे करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या चार-सहा चुका अजूनही तशाच होतात, आणि त्यातल्या दोन तर दरवर्षी.

आधी पॅडलखाली काय घडतं ते नीट कळायला हवं. समजा, तुम्ही पायाने २० किलोचा जोर दिला. पॅडल ही तरफ आहे. ती जोर चौपट करते, म्हणजे ८० किलो. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर तो आणखी तिप्पट करतो असं धरू, म्हणजे २४०. हा जोर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर येतो. पिस्टन २० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस सेंटीमीटर. तेव्हा ऑइलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७५ किलो दाब तयार होतो, टायरमधल्या हवेच्या तीसपटीहून जास्त. बंद नळीतल्या द्रवाचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पुढच्या चाकाला डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर असतो, त्याचा पिस्टन ५० मिलिमीटरचा असेल तर त्याला तोच दाब जवळजवळ १,५०० किलोने ढकलतो.

हे फुकट मिळत नाही. मोठा पिस्टन १ मिलिमीटर सरकवायला मास्टरच्या लहान पिस्टनला सहा मिलिमीटरहून जास्त सरकावं लागतं. पॅड डिस्कपासून केसभरच लांब असतात म्हणून हे जमतं. पॅडलला जी काही चाल आहे, तेवढ्यातच सगळं भागवायचं असतं.

आता लाइनमध्ये ३ सीसी हवा राहिली असं धरा, चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. ऑइल दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. ७५ किलोच्या दाबाला ती ३ सीसी हवा ०.०४ सीसी होते, म्हणजे जवळजवळ तेवढंच ३ सीसी ऑइल नुसतं तिला दाबण्यात खर्च झालं. त्यासाठी मास्टरचा पिस्टन साडेनऊ मिलिमीटर जास्त गेला आणि तरफेच्या चौपटीने पॅडल जवळजवळ चार सेंटीमीटर खाली गेलं.

म्हणून हवा जोर खाते असं मी म्हणत नाही, ती चाल खाते. पॅडल फळीला टेकण्याआधी दाब तयार झाला तर गाडी थांबते, उशिरा थांबते. पॅडल आधीच फळीला टेकलं तर मग कितीही ताकद लावा, ऑइलपर्यंत ती पोचतच नाही. "दोनदा पंप मारला की लागतो ब्रेक, चालतंय" म्हणणाऱ्यांना मी गाडीची चावी परत देत नाही. पंप मारल्यावर मास्टरवरच्या टाकीतलं आणखी ऑइल लाइनमध्ये उतरतं म्हणून पॅडल वर येतं, हवा मात्र तिथेच असते. घाटात समोर ट्रक थांबला तर दुसरा पंप मारायला वेळ कुठून आणणार?

कॅलिपर डावा-उजवा बदलून बसवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिच्यात माणूस मेहनत करत राहतो आणि काहीच हाती लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका मुलाने जुन्या हॅचबॅकचे पुढचे दोन्ही कॅलिपर काढले, नवीन सील घातले, पिस्टन साफ केले. काम खरंच स्वच्छ होतं. मग हवा काढायला बसला. अर्ध्या लिटरचे तीन डबे ऑइल संपलं. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलमधून एक बुडबुडा येईना आणि पॅडल मात्र स्पंज ते स्पंजच. त्याने ठरवलं की मास्टर सिलिंडर गेला. नवीन आणून तो बसवायच्या बेतात असताना मी पोचलो.

मी आधी इंजिन चालू करून पॅडल दाबून धरलं. अर्धा मिनिट झाला, पॅडल होतं तिथेच राहिलं. मास्टरचे वॉशर आतून गळत असते तर ते हळूहळू खाली गेलं असतं. मग पंप मारले, तर पॅडल वर आलं आणि पायाखाली गादीसारखं लागलं. म्हणजे मास्टर ठीक आहे आणि हवा आत आहे. पण निपलमधून तर नुसतं ऑइल येतंय. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी पाना खाली ठेवतो आणि चाकामागे वाकून बघतो. तसंच केलं. दोन्ही निपल रस्त्याकडे तोंड करून होते.

हवा ऑइलपेक्षा हलकी असते, ती कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. म्हणूनच निपल वर दिलेलं असतं. डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे लावला की तोच निपल खाली येतो. बोल्टची भोकं दोन्ही बाजूंना जुळतात, त्यामुळे बसवताना काही अडत नाही. मग ऑइल एका बाजूने येतं, खालून निघून जातं, आणि वरची हवा जागची हलत नाही. तीन डबे काय, तीस डबे ओतले असते तरी तेच.

आम्ही कॅलिपर अदलाबदल केले, होजच्या टोकाला तांब्याचे नवीन वॉशर घातले. निपल उघडल्यावर दुसऱ्याच दाबाला नळीतून हवेची लांब पट्टी निघाली, आणि मग बारीक बुडबुडे. दहा-बारा दाबांत पॅडल दगडासारखं झालं. नवा मास्टर सिलिंडर दुकानाला परत गेला.

माझी सवय सांगतो: कॅलिपर काढायच्या आधी मी त्यावर खडूने 'डा' आणि 'उ' लिहितो आणि बसवल्यावर निपल आकाशाकडे आहे का ते बघतो. पाना लावायच्या आधी.

'सोड' म्हणण्याची घाई

दुसरी चूक दोन माणसांच्या बोलण्यातली आहे. गाडीत बसलेला पॅडल भराभर मारतो, खाली बसलेला निपल उघडतो, आणि कुणीच कुणाला नीट विचारत नाही. निपल उघडं असताना पाय उचलला की मास्टर मागे येताना जी वाट मोकळी मिळेल तिथून ओढतो, म्हणजे बाहेरची हवा आत. काढली त्यापेक्षा जास्त भरली.

मी आधी निपलवर रिंग पाना चढवतो (तोंडाच्या पान्याने त्याच्या कडा गोल होतात आणि मग तो निघत नाही), मग पारदर्शक नळी. सलाइनची नळी छान बसते. नळी निपलपासून आधी वर जाऊ देतो आणि मग बाटलीत सोडतो, म्हणजे बुडबुडा वर पळतो, मागे येत नाही. बाटलीत तळाला थोडं ऑइल आधीच असतं आणि नळीचं टोक त्यात बुडलेलं असतं.

वर बसणाऱ्याला मी दोनच शब्द शिकवतो. मी "दाब" म्हणालो की हळू, एकसारखं दाबायचं आणि पाय तिथेच ठेवून "दाबलं" म्हणायचं. मी निपल पाव आटा उघडतो, ऑइल येतं, पॅडल खाली जातं. निपल बंद करून मगच मी "सोड" म्हणतो. त्याने मनाने सोडायचं नाही, "सोडू का?" असं विचारायचंही नाही, कारण आवाजात मला फक्त "सोड" ऐकू येतं असं एकदा झालं होतं. सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, मास्टर पुन्हा भरू द्यायचा. घाईने पंप मारले की मोठा बुडबुडा फुटून फेस होतो, आणि फेस काढणं बुडबुड्यापेक्षा फार कठीण.

पाव आट्याहून जास्त उघडलं तर आट्यांच्या बाजूने हवा शिरते. एकट्याने नळी बाटलीत बुडवून, निपल उघडं ठेवून पंप मारण्याची जी युक्ती सांगतात, तिच्यावर माझा याच कारणासाठी भरवसा नाही. एकटे असाल तर टाकी भरा, निपल थोडं उघडा आणि ऑइलला आपल्या वजनाने थेंब थेंब उतरू द्या. वेळ लागतो, पण हवा आत जात नाही. मात्र टाकीवर लक्ष ठेवा.

आणि टाकी म्हटली की सांगायलाच हवं: दर पाच-सहा दाबांनी झाकण उघडून बघा. ती एकदा रिकामी झाली की हवा मास्टरमध्ये जाते आणि काम पहिल्यापासून.

बाकीच्या चुका थोडक्यात. जुन्या गाडीत पॅडल फळीपर्यंत दाबू नका. मास्टरचा तो भाग रोज वापरात नसतो, तिथल्या गंजावर वॉशर फाटतो. मी पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नका. इंजिन ऑइल कधीही नाही, त्याने रबर फुगतं. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची ते गाडीच्या पुस्तकात बघा, "लांबचं आधी" हे प्रत्येक गाडीला लागू नसतं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर ते स्कॅनरने चालवावं लागतं, तिथे वर्कशॉपला जा.

पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ नवीन असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की कॅलिपरमध्ये त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आकसते. घरून निघताना कडक असलेलं पॅडल मग अर्ध्या घाटात मऊ होतं. गाडी गार झाली की पुन्हा नीट, म्हणून कुणाला पटत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदला.

शेवटची तपासणी अशी. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पॅडल दाबा, बूस्टरचा व्हॅक्यूम संपेल. आता पॅडल उंच आणि कडक लागलं पाहिजे. ते दाबून ठेवून इंजिन चालू करा, पॅडल थोडं खाली जाईल. पुष्कळ जण इथे घाबरून पुन्हा निपल उघडतात, पण ती हवा नव्हे, बूस्टर कामाला लागला. मग कुणाला तरी पॅडल जोरात दाबून धरायला सांगा आणि बॅटरी घेऊन चारही निपल आणि होजची टोकं बघा, कुठे ओल नको. त्यानंतर गल्लीतच, चालण्याच्या वेगाने, तीन वेळा थांबवून बघा.